८५ विरुद्ध ७५ : दोन केंद्रांच्या निकालातला फरक किती खरा?

दहावीचा निकाल लागला की तालुक्यात केंद्रवार तक्ता फिरायला लागतो. कुठल्या केंद्रावर किती बसले, किती पास झाले, टक्के किती. माझी एक मैत्रीण मुख्याध्यापिका आहे. तिनं तो तक्ता माझ्यापुढं ठेवला आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. एका केंद्रावर १२० मुलं बसली, १०२ पास झाली. तिच्या केंद्रावर ८० बसली, ६० पास झाली. (ओळख लपावी म्हणून आकडे बदलले आहेत, गणित तेच आहे.)

"८५ टक्के आणि ७५ टक्के. दहा टक्क्यांनी मागे आहोत आम्ही, आणि उद्याच्या बैठकीत मला कारण विचारणार आहेत," ती म्हणाली.

कारण शोधायला बसण्याआधी मी तिला एकच विचारलं: हे दहा टक्के कितपत पक्के आहेत? पुढच्या वर्षी तशीच मुलं, तेच शिक्षक, तशीच प्रश्नपत्रिका असेल तर पुन्हा दहाच येतील, की तीन येतील, की अठरा? या प्रश्नाला उत्तर देणारं साधन म्हणजे दोन प्रमाणांमधल्या फरकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल. मराठी पुस्तकांत त्याला विश्वास अंतराल वगैरे म्हणतात. मी इथं त्याला नुसतं 'पट्टा' म्हणणार आहे, कारण तो आहेच तसा: फरक अमुकपासून तमुकपर्यंत कुठंही असू शकेल, असं सांगणारा पट्टा.

आधी दोन छोट्या गोष्टी पक्क्या करून घेऊ. पहिली म्हणजे भागायचं कशानं. मंडळाच्या तक्त्यात नोंदणी झालेले, प्रविष्ट झालेले आणि उत्तीर्ण असे वेगवेगळे रकाने असतात. टक्केवारी काढतात ती प्रविष्टांवर, म्हणजे प्रत्यक्ष पेपरला बसलेल्यांवर. नियमित आणि पुनर्परीक्षार्थी यांचे आकडेही वेगळे असतात. एका केंद्राचे नियमित आणि दुसऱ्याचे सगळे एकत्र धरले, तर पुढचं सगळं गणित वाया. दुसरी गोष्ट शब्दाची. ८५ मधून ७५ गेले की उरतात ते १० टक्केबिंदू. "निकाल दहा टक्क्यांनी कमी" असं म्हटलं तर ८५ चे दहा टक्के, म्हणजे साडेआठ, असाही अर्थ निघतो. म्हणून खाली फरकाची गोष्ट आली की मी टक्केबिंदू म्हणेन.

आता मैत्रिणीनं एक फार चांगला प्रश्न विचारला. "अगं, पण इथं नमुना कुठला? निवडणुकीच्या सर्वेक्षणात हजार लोकांना विचारून लाखोंबद्दल बोलतात, तिथं चूक होणारच. माझ्याकडं तर सगळ्याच्या सगळ्या ८० मुलांचा निकाल आहे. मग चूक कसली?"

तिचं म्हणणं एका अर्थानं अगदी बरोबर आहे. "यंदा या दोन केंद्रांत किती फरक पडला?" एवढंच विचारायचं असेल तर उत्तर १० टक्केबिंदू. पट्ट्याची काही गरज नाही. पण बैठकीत कोणी एवढंच विचारत नाही. बैठकीत विचारतात की त्या केंद्रावर काही चांगलं चाललंय का, इथं काही कमी पडतंय का. म्हणजे प्रश्न यंदाच्या ८० मुलांचा राहत नाही, त्या मुलांना घडवणाऱ्या व्यवस्थेचा होतो. आणि यंदाची ८० मुलं हा त्या व्यवस्थेतून निघालेला एक घाणा आहे. एखाद्याला बीजगणिताच्या पेपरला ताप होता, एखादीला नेमका सोडवलेलाच प्रश्न आला, एखादा ३५ च्या रेषेवर एका गुणानं अलीकडं किंवा पलीकडं पडला. हे दरवर्षी वेगळं घडतं आणि त्याचा शिकवण्याशी संबंध नसतो. पट्टा मोजतो तो हा भाग.

हा भाग केवढा असतो ते टक्क्यांत न बघता मुलांत बघितलं की चटकन कळतं. समजा पहिल्या केंद्रावर प्रत्येक मुलाची पास होण्याची खरी शक्यता ८५ टक्के आहे. तर १२० पैकी सरासरी १०२ पास होतील, पण दरवर्षी बरोबर १०२ नाही. कधी ९९, कधी १०५. ही चढउतार मोजायचं सूत्र आहे: मुलांची संख्या, पास होण्याचं प्रमाण आणि नापास होण्याचं प्रमाण यांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. १२० × ०.८५ × ०.१५ म्हणजे १५.३, त्याचं वर्गमूळ साधारण ३.९. म्हणजे जवळजवळ चार मुलं. दुसऱ्या केंद्राचं करू: ८० × ०.७५ × ०.२५ म्हणजे १५, वर्गमूळ पुन्हा ३.९. इथंही चारच मुलं!

पण ही चारला थोडी कमी मुलं १२० मध्ये मिसळली तर ती होतात ३.२६ टक्के, आणि ८० मध्ये मिसळली तर ४.८४. छोट्या केंद्राचा निकाल जास्त का हेलकावतो याचं कारण इतकं साधं आहे. मैत्रिणीच्या केंद्रावर एक मूल इकडचं तिकडं झालं की निकाल सव्वा टक्केबिंदूनं हलतो.

या ३.२६ आणि ४.८४ टक्क्यांना संख्याशास्त्रात स्टँडर्ड एरर म्हणतात, मराठीत प्रमाण त्रुटी. तिच्या साधारण दुप्पट, नेमकं सांगायचं तर १.९६ पट, दोन्ही बाजूंना गेलं की ९५ टक्क्यांचा पट्टा मिळतो. पहिल्या केंद्राचा पट्टा ८५ च्या आजूबाजूला ६.४, म्हणजे ७८.६ ते ९१.४. दुसऱ्याचा ७५ च्या आजूबाजूला ९.५, म्हणजे ६५.५ ते ८४.५.

इथवर पोचल्यावर बहुतेक लोक एक चूक करतात, आणि ती मी शिकल्यासवरलेल्या माणसांकडूनही ऐकली आहे. दोन पट्टे शेजारी शेजारी ठेवतात, ते एकमेकांवर चढताना दिसतात, आणि निकाल देऊन टाकतात: पट्टे एकमेकांत गेलेत, म्हणजे फरक नाही. असं म्हणता येत नाही. फरकाचा पट्टा वेगळा काढावा लागतो.

का, ते बघू. दोन पट्टे शेजारी ठेवून निकाल देणं म्हणजे दोन्ही केंद्रांचं नशीब एकाच वेळी एकमेकांविरुद्ध टोकाला जाईल असं धरणं: इथं सगळ्या मुलांचं वाईट व्हायचं आणि त्याच वर्षी तिथं सगळ्यांचं चांगलं. दोन केंद्रांचा एकमेकांशी संबंध नसेल तर असं क्वचित घडतं. बऱ्याचदा एक चूक दुसरीला काही प्रमाणात खाऊन टाकते. म्हणून ६.४ आणि ९.५ यांची सरळ बेरीज, १५.९, करायची नसते. ती बेरीज पायथागोरसच्या पद्धतीनं करायची: दोघांचे वर्ग, वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ.

मी मैत्रिणीला त्याच तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला हे काढून दाखवलं. पट्टीनं ६.४ सेंटिमीटरची आडवी रेघ. तिच्या टोकाला गुण्या लावून ९.५ सेंटिमीटरची उभी रेघ. दोन टोकं जोडली आणि कर्ण मोजला: ११.४ सेंटिमीटर. फरकाच्या पट्ट्याची अर्धी रुंदी हीच. दहाच्या दोन्ही बाजूंना ११.४ गेलं की पट्टा येतो उणे १.४ ते अधिक २१.४ टक्केबिंदू.

त्या त्रिकोणाकडं नीट बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. कर्णावर मोठ्या बाजूची सत्ता चालते. आडवी रेघ ६.४ ची निम्मी करून ३.२ केली, तरी कर्ण ११.४ वरून फक्त १० वर येतो. म्हणजे मोठ्या केंद्राची कितीही जास्त माहिती जमवली तरी छोट्या केंद्राची अनिश्चितता तशीच उरते. तुलना कितपत धारदार होणार हे लहान केंद्र ठरवतं.

हेच सगळं एका सूत्रात मांडलं तर असं दिसतं, त्यात p म्हणजे पास झालेल्यांचं प्रमाण, n म्हणजे बसलेली मुलं आणि sqrt म्हणजे वर्गमूळ:

```
(p1 - p2) ± 1.96 * sqrt( p1*(1-p1)/n1 + p2*(1-p2)/n2 )
```

आणि एक्सेलमध्ये B2, B3 मध्ये पास प्रमाण (0.85, 0.75) आणि C2, C3 मध्ये बसलेली मुलं लिहिली, तर ± नंतरचा आकडा असा मिळतो:

```
=1.96*SQRT(B2*(1-B2)/C2+B3*(1-B3)/C3)
```

उत्तर 0.114 आलं पाहिजे. 85 आणि 75 असे आकडे टाकले तर वर्गमुळाच्या आत उणे संख्या येते आणि एक्सेल #NUM! दाखवतो. तसं झालं तर टक्क्यांना शंभरनं भागायचं राहिलंय असं समजावं.

आता उणे १.४ ते २१.४ याचा अर्थ काय? पट्ट्यात शून्य आहे, म्हणजे "खरं तर दोन्ही केंद्रं सारखीच आहेत" हे म्हणणंही या आकड्यांशी विसंगत नाही. पण म्हणून "फरक नाही हे सिद्ध झालं" असंही नाही. याच पट्ट्यात २० सुद्धा आहे, आणि २० टक्केबिंदूंचा फरक फारच मोठा. शून्य पट्ट्याच्या अगदी कडेला पडलाय. पट्ट्याच्या मधले आकडे कडेच्या आकड्यांपेक्षा या निकालाशी जास्त जुळतात. मैत्रिणीला मी एवढंच सांगू शकले की तिचं केंद्र मागं असण्याकडं कल आहे, किती मागं ते एवढ्या मुलांवरून ठरत नाही.

समजा हीच टक्केवारी दुप्पट मुलांवर आली असती: २४० पैकी २०४ आणि १६० पैकी १२०. वेगवेगळे पट्टे होतात ८०.५ ते ८९.५ आणि ६८.३ ते ८१.७. बघा, ८०.५ ते ८१.७ या जागेत ते अजूनही एकमेकांवर चढलेत. पण फरकाचा पट्टा येतो १.९ ते १८.१, आणि त्यात शून्य नाही. पट्टे एकमेकांत गेले तरी फरक ठळक असू शकतो, हे या एका उदाहरणात दिसतं. उलट दिशेनं मात्र भरवसा ठेवता येतो: दोन वेगवेगळे पट्टे एकमेकांना शिवतही नसतील, तर फरकाच्या पट्ट्यात शून्य नसतंच.

या ९५ टक्क्यांबद्दलही बोलायला हवं. ९५ टक्के मुलांशी त्याचा काही संबंध नाही. "खरा फरक या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के" असं सर्रास म्हणतात, तेही काटेकोरपणे बरोबर नाही. खरा फरक एक ठरलेली गोष्ट आहे, तो एकतर या पट्ट्यात आहे किंवा नाही. ९५ टक्के ही पद्धतीची हमी आहे: ही रीत हजार ठिकाणी वापरली तर साधारण ९५० ठिकाणी काढलेला पट्टा खऱ्या फरकाला धरून ठेवेल, ५० ठिकाणी तो निसटेल. आपल्या हातातला पट्टा कोणत्या गटातला, ते कळायचा मार्ग नाही. ही कल्पना संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ साली नीट मांडली. त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे नमुना सर्वेक्षणांवर त्यांच्यासोबत काम करत होते. हा विषय शिकवताना मला ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हे सूत्र सगळीकडं चालत नाही, आणि दहावीच्या निकालात ते नेमकं जिथं लागतं तिथंच फसतं. आजकाल शंभर टक्के निकालाची केंद्रं भरपूर असतात. समजा एका केंद्रावर ३० पैकी ३० पास आणि दुसऱ्या छोट्या केंद्रावर १२ पैकी १२. सूत्रात टाका. नापासांचं प्रमाण शून्य, म्हणून गुणाकार शून्य, वर्गमूळ शून्य. पट्टा येतो ० ते ०. म्हणजे सूत्र म्हणतं की दोन केंद्रांत रतीभरही फरक नाही याची पक्की खात्री आहे. बारा मुलांवरून! पुढच्या वर्षी त्या बारांतलं एक मूल आजारी पडलं तर निकाल ८.३ टक्केबिंदूंनी खाली येईल.

यावर एक सोपा उपाय आहे. ॲलन ॲग्रेस्टी आणि ब्रायन कॅफो यांनी तो २००० साली सुचवला. प्रत्येक केंद्रात एक काल्पनिक पास आणि एक काल्पनिक नापास मूल मिळवायचं आणि मग तेच जुनं सूत्र वापरायचं. ३० पैकी ३० चे होतात ३२ पैकी ३१, १२ पैकी १२ चे होतात १४ पैकी १३. प्रमाणं ०.९६९ आणि ०.९२९. पट्टा येतो उणे १०.८ ते अधिक १८.८ टक्केबिंदू. आता तो शहाण्यासारखं बोलतो: दोघांचा निकाल शंभर असला तरी इतक्या कमी मुलांवरून दोन्ही केंद्रं सारखी आहेत असं ठामपणे म्हणता येत नाही. मुलं पुरेशी असतील तर या दोन काल्पनिक मुलांनी काही बिघडत नाही. मैत्रिणीच्या आकड्यांवर हा उपाय केला तर पट्टा येतो उणे १.४ ते २१.५, जवळजवळ पहिलाच. म्हणून मी तरी सवयीनं हाच वापरते. कुठल्याही केंद्रावर पास किंवा नापास यांपैकी एखादा आकडा दहाच्या खाली असेल तर साधं सूत्र हातातच घेऊ नये.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि ती दोन काल्पनिक मुलं मिळवून सुटत नाही. सूत्र धरून चालतं की प्रत्येक मुलाचा निकाल स्वतंत्र आहे. पण केंद्रावर मुलं शाळांच्या गटांनी येतात. एखाद्या शाळेत अर्धं वर्ष गणिताला शिक्षक नसतील तर तिथली मुलं एकत्र अडखळतात. मग ८० मुलं म्हणजे ८० वेगवेगळे पुरावे राहत नाहीत.

किती फरक पडतो? समजा प्रत्येक शाळेतून ४० मुलं येतात, पहिल्या केंद्रावर तीन शाळा, दुसऱ्यावर दोन. एकाच शाळेतल्या मुलांच्या निकालातला सारखेपणा शून्य ते एक अशा मापावर मोजतात. शून्य म्हणजे काही संबंध नाही, एक म्हणजे अख्खी शाळा एकत्र पास किंवा एकत्र नापास. उदाहरणासाठी तो अगदी थोडा, ०.०५, धरू. तर १ + (४० − १) × ०.०५ म्हणजे २.९५. मुलांच्या संख्येला या आकड्यानं भागायचं. १२० मुलांचं वजन उरतं साधारण ४१ मुलांएवढं, ८० चं २७ एवढं. पट्ट्याची अर्धी रुंदी ११.४ वरून १९.६ वर जाते आणि पट्टा होतो उणे ९.६ ते २९.६. इतक्या छोट्याशा सारखेपणानं! तो सारखेपणा नेमका किती, हे पाच शाळांवरून नीट काढता येत नाही, त्यासाठी अनेक शाळांचे आणि अनेक वर्षांचे निकाल लागतात. पण साधा पट्टा शाळांच्या गटांमुळं खोटा अरुंद झालेला असू शकतो, एवढं तरी लक्षात ठेवावंच लागतं.

आणखी एका ठिकाणी हे सूत्र लागू होत नाही: त्याच मुलांची पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा यांची तुलना. तिथं दोन गट वेगळे नसतात, मुलं तीच असतात, म्हणून कोणतं मूल तिथं नापास आणि इथं पास झालं हे जोडीनं मोजावं लागतं. तसंच तालुक्यातल्या पन्नास केंद्रांतून सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं निवडून त्यांचा पट्टा काढला तर त्यात हटकून शून्य नसणार. टोकं निवडली की फरक मोठा दिसणारच. मैत्रिणीच्या बाबतीत तसं नव्हतं. दोन्ही केंद्रं शेजारची, दरवर्षी त्यांचीच तुलना होते.

रात्री तिनं अहवालात लिहिलं: "यंदा आपल्या केंद्राचा निकाल शेजारच्या केंद्रापेक्षा १० टक्केबिंदूंनी कमी आहे (८० पैकी ६०, १२० पैकी १०२). ९५ टक्के पट्टा उणे १.४ ते अधिक २१.४. शाळांचे गट लक्षात घेतले तर तो आणखी रुंद होईल." मग तिनं नापास झालेल्या वीस मुलांची यादी काढली आणि शाळेप्रमाणे दोन भाग केले. एका शाळेतली चौदा मुलं होती, दुसऱ्या शाळेतली सहा. दुसऱ्या शाळेचा निकाल ४० पैकी ३४ पास, म्हणजे ८५ टक्के. शेजारच्या केंद्राइतकाच.